वजन नव्हे, अंगावरची सूज

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "बारा दिवसांत पाच किलो वाढलोय, पँटचं बटण लागत नाही, सोमवारपासून जिम आणि एक वेळ जेवण." मी हो म्हटलं खरं, पण रात्री झोप लागली नाही. बाबांच्या वेळी आपण सगळे असंच फसलो होतो. तू तेव्हा परीक्षेत होतास, म्हणून तुला सगळं सांगितलं नव्हतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. बाबांचं वजन 68 वरून 74 वर गेलं आणि मी त्यांना फराळावरून बोलले. त्यांचं पोट सुटलं होतं, पण खांदे आणि दंड मात्र सुकले होते. ते माझ्या नजरेतून सुटलं. संध्याकाळी मोजे काढले की नडगीवर इलॅस्टिकची खोल खाच राहायची आणि कोल्हापुरी चप्पल पायात जाईना. गुडघे दुखतात म्हणून ते दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेत होते. त्या गोळ्यांनी शरीरात मीठ-पाणी आणखी साठतं, हे मला नंतर कळलं. मग एका उशीच्या तीन उशा झाल्या, कारण आडवं झालं की दम लागायचा. त्या रात्री आम्ही दवाखाना गाठला. ईकोमध्ये दिसलं की हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद निम्म्यावर आलीय. लघवी वाढवणारी इंजेक्शनं सुरू झाली आणि चार दिवसांत पाच किलो उतरले. चरबी अशी चार दिवसांत उतरत नाही रे. ते पाच लिटर पाणी होतं.

तुझाही हिशोब तसाच करून बघ. पाच किलो चरबी बारा दिवसांत चढायला रोजच्या जेवणावर आणखी जवळजवळ दोन माणसांचं जेवण खावं लागेल. तू तर म्हणतोस भूकच लागत नाही.

आता एक कर. संध्याकाळी नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दाबून दहापर्यंत मोज आणि उचल. खड्डा पडून तसाच राहिला तर पाणी आहे. चरबीवर असा खड्डा राहत नाही. दाबून काहीच दिसलं नाही तरी निर्धास्त होऊ नकोस, कारण पायांवर दिसायच्या आधीच दोन-तीन लिटर साठलेलं असू शकतं. उताणा झोपून पोटही बघ. पाणी असेल तर ते दोन्ही कुशींना पसरतं आणि बेंबी सपाट होते, कधी बाहेरही येते.

मला जास्त काळजी तू बारशाला गेला होतास तिथल्या तुझ्या फोटोची वाटतेय. सकाळचा फोटो आहे आणि दोन्ही पापण्या फुगल्यात. बाबांची सूज पायांपासून सुरू झाली होती. सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला फेस असेल, तर आधी मूत्रपिंडाकडे बघायचं. त्याच्या गाळणीतून रक्तातलं प्रथिन गळू लागलं की रक्तातलं पाणी नसांत टिकत नाही, बाहेर झिरपतं. मूत्रपिंडही मीठ धरून ठेवतं. साबणासारखा फेस येऊन पाणी ओतल्यावरही तो राहतो का, हे बघून सांग. लाजू नकोस.

यकृताच्या दुखण्यातही असंच पोट फुगतं, म्हणून अंदाजाने औषध नको. कुणी म्हणेल "लघवीची गोळी घे, सूज उतरेल." उतरेलही, पण कारण तसंच राहील, आणि सोडियम-पोटॅशियम बिघडलं तर दुसरंच संकट. प्रोटीन पावडर, वेदनाशामक गोळी आणि उपासही सध्या बंद. लोणचं, पापड, फरसाण ताटात घेऊ नकोस.

उद्या फिजिशियनकडे जा. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना ने. लघवीतलं प्रथिन, रक्तातलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या करायला सांगतील, बहुधा पोटाची सोनोग्राफी आणि ईकोही. रक्तदाब आवर्जून मोजून घे. तू सध्या काय काय गोळ्या घेतोस ती सगळी पाकिटं बरोबर असू देत. पण झोपल्यावर दम लागला, छातीत दुखलं, लघवी अगदी कमी झाली किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर सकाळची वाट बघू नकोस, थेट इमर्जन्सीत जा. एकाच पायाची सूज म्हणजे नसेत गुठळी असू शकते.

बाबांची वही अजून चालू आहे. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढले की डॉक्टरांना फोन. आज सकाळी 67.4 होतं. तूही उद्यापासून तसंच लिही आणि मला फोटो पाठव.

मी बुधवारच्या सकाळच्या गाडीने येतेय. येताना मीठ न घातलेली शेंगदाण्याची चटणी आणते.

तुझी,
आई