मुक्ताच्या अकरावीबद्दल मिलिंदला पत्र

नौपाडा, ठाणे

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. घरी सर्व ठीक. आईचा गुडघा पूर्वीसारखाच आहे. फोनवर हे नीट मांडता आले नसते आणि तुझ्याखेरीज कोणाला सांगावे असे वाटले नाही, म्हणून लिहितो आहे.

मुक्ताला दहावीत नव्वद टक्के पडले. निकालाच्या संध्याकाळीच दादाने पेढे आणले आणि ‘आता सायन्स’ असे जाहीर करून टाकले. मुक्ता काहीच बोलली नाही. तिला विचारले, तर ‘माहीत नाही, बाबा’ एवढेच म्हणाली, आणि ते खरे होते. सुनीताचे म्हणणे असे की, ठरत नसेल तर सायन्स घ्यावे, कारण सायन्समधून कॉमर्सकडे जाता येते, उलटे येता येत नाही. हे खोटे नाही, बारावीपर्यंत सायन्स करून सीए झालेला तू स्वतःच त्याचा पुरावा आहेस. पण त्या वेळी तू एका साध्या कॉलेजात होतास आणि क्लासला फक्त संध्याकाळी जात होतास, हे दादा विसरतो. आता इथे जो सौदा पुढे येतो त्याला इंटिग्रेटेड म्हणतात. नाव एका ज्युनियर कॉलेजात, मुलगी दिवसभर क्लासमध्ये आणि दोन वर्षांची फी आधीच ठरलेली. ज्या क्लासमध्ये आम्ही चौकशीला गेलो, तिथल्या बाईंनी साडेतीन लाख सांगितले आणि आजच नोंदवल्यास सवलत देऊ केली. फॉर्मवर बारीक अक्षरांत ‘फी परत मिळणार नाही’ असे छापले होते. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असे आहे. मी ते दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या की आमचा नियम वेगळा आहे. दार उघडे ठेवण्यासाठी सायन्स घ्यायचे आणि ते दार साडेतीन लाखांच्या कुलपाने बंद करून घ्यायचे, हे मला पटले नाही. म्हणून शाखा आधी ठरवायची आणि क्लासचा विचार त्यानंतर, स्वतंत्रपणे करायचा, एवढे मी घरात ठामपणे सांगितले.

मग गुणपत्रिका घेऊन बसलो. मराठी ८९, संस्कृत ९७, इंग्रजी ८७, गणित ७८, विज्ञान ८४, सामाजिक शास्त्रे ९३. सहांपैकी सर्वोत्तम पाच विषय धरून ४५० होतात, म्हणजे नव्वद टक्के. त्यातून जो विषय गळला तो गणित! त्या ७८ मध्येही वीसपैकी १९ शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत, म्हणजे लेखी परीक्षेत ८० पैकी ५९. आता तूच बघ, एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या प्रत्येक प्रश्नाला एक गुण असतो आणि गणिताच्या पन्नास प्रश्नांना दोन-दोन. दोनशेपैकी शंभर गुण गणिताचे. जो विषय टक्केवारीतून वगळला गेला, तोच तिथे अर्धी परीक्षा आहे. मेडिकलसाठी ‘नीट’ परीक्षा दिली तर गणित नाही, पण भौतिकशास्त्र आहेच, आणि डॉक्टर होण्याची इच्छा तिने आजवर एकदाही बोलून दाखवलेली नाही.

तू लगेच म्हणशील की ‘मग गणिताला घाबरून कॉमर्स.’ या वाक्यावरून आपण अख्खी गोरेगाव लोकल डोक्यावर घेतली होती आणि शेवटी शेजारच्या आजोबांनी आपल्याला चणे देऊन गप्प केले होते. माझे मत तेव्हाही तेच होते आणि आजही तेच आहे. सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक पूर्ण शंभर गुणांचा पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा असतो, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, प्रत्येक पेपरात चाळीस आणि एकूण पन्नास टक्के लागतात. गणितापासून पळणाऱ्याला तिथेही थारा नाही. त्यामुळे कॉमर्स घेतले तरी तिने एस.पी., म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, न घेता गणितच घ्यावे, असे मी तिला सांगितले आहे.

तरीही गुणांवरून कल कळत नाही, म्हणून सुट्टीत तिला दोन्ही शाखांची थोडी थोडी चव दिली. अकरावीच्या भौतिकशास्त्रातले व्हेक्टर्सचे प्रकरण दिले. तीन आणि चार न्यूटनची दोन बले साठ अंशांच्या कोनात असतील तर परिणामी बल किती, यावर तिने सरळ सात लिहिले. मागे उत्तर पाहिले, सुमारे ६.१, सूत्र उतरवून घेतले आणि पान उलटले. पुढच्या गणितात कोन १२० अंशांचा होता. तिथे कोसाइन ऋण होतो हे सुटले, पुन्हा उत्तर पाहिले आणि पुन्हा पान उलटले. न येण्याचे मला काही वाटले नाही. आपले का चुकले, हे तिला जाणून घ्यावेसे वाटले नाही, ते मात्र मला खटकले.

दुसऱ्या आठवड्यात तिला जर्नल, खातेवही आणि तेरीज शिकवली, बँकेतल्या नोकरीचा तेवढा तरी उपयोग. एका स्टेशनरी दुकानाचा महिन्याचा व्यवहार दिला. तेरीज जुळेना, म्हणजे नावे आणि जमा या दोन बाजूंच्या बेरजा सारख्या येईनात, जमेची बाजू १८० ने जास्त येत होती. मी मुद्दाम गप्प राहिलो. तिने दोन्ही बेरजा पुन्हा केल्या, मग एकेक खाते तपासले, जेवायला बोलावले तरी उठली नाही. अखेर मी एवढेच म्हटले की फरकाला नवाने भाग जातो का बघ. भाग गेला, आणि अदलाबदल झालेले अंक शोधताना तिला सापडले की खरेदी खात्यावर १,६८० बरोबर लिहिले होते, पण पुरवठादाराच्या खात्यावर १,८६० गेले होते. इथवर ठीक. पण त्यानंतर ती ‘नऊच का?’ म्हणून हटून बसली, शेजारच्या दोन अंकांना अ आणि ब मानून दहा अ अधिक ब, वजा दहा ब अधिक अ असे मांडले, आणि नऊ बाहेर काढून माझ्यापुढे वही ठेवली. अरे, हे बीजगणितच! ५९ गुणांची हीच मुलगी.

यावरून मी कॉमर्सकडे झुकलो आहे, पण मन पूर्ण निश्चिंत नाही. पुस्तपालनाचे पहिले दिवस सर्वांनाच गोड वाटतात. पुढे कायद्याची कलमे, मग सीएच्या हाताखाली दोन वर्षांची उमेदवारी म्हणजे आर्टिकलशिप, रात्री उशिरापर्यंत दुसऱ्याच्या कारखान्यात साठा मोजणे, परीक्षेचा एखादा ग्रुप अडकणे, हे मी बाहेरून पाहिले आहे, तू भोगले आहेस. दादा तुझे उदाहरण देऊन म्हणतो की तू सायन्स करूनही सीए झालासच. तेव्हा मला तुझ्याकडून दोन गोष्टी खऱ्या खऱ्या हव्या आहेत. बारावीपर्यंत सायन्स केल्याचा तुला पुढे काही उपयोग झाला का, की ती दोन वर्षे नुसती गेली? आणि हिशेब न जुळल्यावर चिकटून बसणे हा गुण तुझ्या ऑफिसात आर्टिकलशिपला येणाऱ्या मुलांत खरोखर उपयोगी पडतो का, की मी एका तेरजेवरून मुलीचे भविष्य ठरवतो आहे?

तुझ्या नव्या ऑफिसबद्दल विचारायचेच राहिले. जागा ताब्यात आली का? वहिनींची परीक्षा कशी झाली तेही कळव.

पसंतीक्रम भरण्याची मुदत येत्या गुरुवारी संपते, आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात, त्यामुळे नंतर बघू म्हणता येणार नाही. रविवारी सकाळी ठाण्याला ये. मुक्ताशी तू एकट्याने बोल, मी आणि दादा दोघेही त्या वेळी घरी नसू.

तुझा,
श्रीकांत