आणायचं भरपूर, कालवायचं बेतानं

सांगली, रविवार रात्र

चि. मीनू हिस,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर तू रडवेली झाली होतीस, म्हणून तेव्हा जास्त बोलले नाही. आता पार्लर बंद करून, जेवणखाण आवरून निवांत लिहायला बसले आहे. कंबरेपर्यंत केस असलेल्या त्या ताईंचा कलर डाव्या मागच्या भागात संपला, तू दुकानात पळालीस, यायला पंचवीस मिनिटं गेली आणि तेवढा भाग वेगळा दिसला. हे कशानं झालं ते तुला नीट कळायला हवं. ते कळलं नाही तर पुढच्या वेळी भीतीपोटी तू चार ट्यूब एकदम कालवशील आणि निम्मा कलर बेसिनमध्ये जाईल.

माझ्या मते चूक अंदाजात होतीच, पण त्याहून मोठी चूक होती ती दोन्ही ट्यूब एकदम कालवण्यात. आपल्याला ही सवय मेंदीमुळे लागते. मेंदी रात्रीच लोखंडी कढईत भरपूर भिजवून ठेवतो, ती मुरली की चांगलीच होते आणि उरली तरी लगेच बिघडत नाही. कलरचं उलटं आहे. ट्यूबमधला क्रीम आणि डेव्हलपर एकत्र आले की त्याच क्षणी काम सुरू होतं, मग तो केसांवर असो की वाटीत. वाटीतला कलर वरून काळपट व्हायला लागतो तो म्हणूनच. साधारण अर्धा तास झाला की त्याचा जोर ओसरतो आणि पांढऱ्या केसांवर तो नुसता वरवर बसतो. म्हणजे एवढ्या लांब केसांना सगळं एकदम कालवलंस, तर शेवटच्या सेक्शनला कलर पुरला तरी दमलेला कलर मिळतो. म्हणून ट्यूब हाताशी जास्त ठेवायच्या, पण फोडायच्या एकेक. न फोडलेली ट्यूब पुढच्या गिऱ्हाइकाला चालते, कालवलेला कलर कुणालाच चालत नाही. उरलेला बाटलीत भरून झाकण घट्ट लावायचा तर विचारही करू नकोस. आत वायू तयार होतो आणि बाटली फुटू शकते.

आता अंदाजाचं. मी ६० ग्रॅमची ट्यूब धरून सांगते, आणि ग्रॅम म्हणते ते फक्त क्रीमचे. डेव्हलपर त्यावर वेगळा, खोक्यावर जे प्रमाण छापलं असेल त्याप्रमाणे, कुठे एकास एक, कुठे एकास दीड. बॉयकटला अर्धी ट्यूब पुरते. खांद्यापर्यंतच्या केसांना एक. पाठीच्या मध्यापर्यंत असतील तर दीड. कंबरेपर्यंत दोन आणि कंबरेच्या खाली गेलेल्या केसांना अडीच ते तीन. नुसता रूट टच-अप असेल, तर केस कितीही लांब असोत, ३० ते ४० ग्रॅममध्ये काम होतं, कारण लांबीचा तिथे संबंध येत नाही.

पण हा अंदाज मध्यम दाटीच्या केसांचा आहे, आणि तू अडकलीस ती इथेच. तू लांबी पाहिलीस, दाटी पाहिली नाहीस. केस मागे घेऊन रबर बांध आणि रबराजवळ शेपटीभोवती टेप फिरव. घेर दोन इंचांच्या आत असेल तर केस विरळ, दोन ते चार इंच असेल तर मध्यम ते दाट, आणि चारच्या पुढे गेला की खूप दाट. विरळ असतील तर माझ्या आकड्यातून पाव हिस्सा कमी कर, खूप दाट असतील तर निम्मा वाढव. त्या ताईंची वेणी मुठीत मावत नव्हती असं तूच म्हणालीस. म्हणजे कंबरेपर्यंतच्या दोन आणि दाटीची वरची एक, अशा तीन ट्यूब लागणार होत्या. तुझ्याकडे दोनच होत्या. त्या तीन सेक्शनना पुरल्या आणि चौथ्याला नाही, हिशोब साधारण तसाच आला.

आणखी दोन गोष्टी टेप सांगत नाही. कुरळ्या केसांची एक बट ओढून सरळ करून बघ, खांद्यावर दिसणारे केस पाठीवर येतात. आणि टोकं कोरडी, पूर्वी कलर केलेली असतील तर ती कलर पितात. तरी वेणी टोकाकडे बारीक होत जाते, म्हणून लांबी दुप्पट झाली की कलर दुप्पट लागतोच असं नाही.

त्या ताईंचं काम मी केलं असतं तर असं. तीन ट्यूब ट्रॉलीवर, तिन्हींच्या खोक्यांवर शेड नंबर एकच आहे हे वाचून. शक्य तर बॅच नंबरही एकच. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्यायचा, त्यावर प्लॅस्टिकची वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचा. लोखंडी किंवा स्टीलची नको. पहिल्या वाटीत ५० ग्रॅम क्रीम आणि ५० ग्रॅम २० व्हॉल्यूम डेव्हलपर, फक्त मुळांसाठी. मधला भांग आणि या कानापासून त्या कानापर्यंतची आडवी रेघ असे चार भाग पाडून क्लिपा लावायच्या. जिथे पांढरे जास्त, तिथून सुरुवात. बहुतेकींचे कपाळापाशी आणि कानशिलांवर असतात. चारही भागांची मुळं झाली की घड्याळ लावायचं आणि तेव्हाच दुसरी ट्यूब फोडायची. हा कलर लांबीला. ही वाटी संपत आली की तिसरी, त्यातले ५० ग्रॅमच. तिन्ही वाट्या मिळून क्रीम १६० ग्रॅम होतं आणि प्रत्येक वाटी ताजी मिळते. लांबीवरचा कलर नुसता फिका पडलेला असेल, तर तिथे १० व्हॉल्यूम पुरतो.

कलर संपायच्या आत कळायला हवं, संपल्यावर नाही. त्यासाठी मधेच वाटी काट्यावर ठेव. मागचे दोन भाग नेहमी पुढच्यांपेक्षा जास्त खातात. म्हणून पुढचे दोन झाले तेव्हा वाटीत निम्म्याहून जास्त उरलेलं हवं. नेमकं निम्मंच दिसलं तर मागे कमी पडणार हे तिथेच समज आणि वाटीत कलर असतानाच पुढचा कालव. दुसरी खूण हाताला कळते. बट उचलून बघितली की केसांच्या मधे क्रीम दिसायला हवं आणि कंगवा अडखळता कामा नये. ब्रश खरखरायला लागला, केस क्रीमच्या आतून दिसायला लागले, की तू कलर ओढून पुरवते आहेस. तो पातळ थर लवकर वाळतो आणि वाळलेला कलर काम करत नाही. पांढरे धागे राहतात ते असेच.

कमी पडलाच, तर त्याच शेडचं, त्याच प्रमाणात, अगदी १० ग्रॅम क्रीमला १० ग्रॅम असं मोजून नवीन वाटीत कालवायचं. मी हे फार महाग पडून शिकले. तू तेव्हा पहिलीत होतीस. शेजारच्या गल्लीतल्या एका काकूंच्या लेकीचं दोन दिवसांनी लग्न होतं. काकूंचे केस गुडघ्याला टेकायला आलेले. मी दोन ट्यूब कालवल्या आणि मानेवरचा भाग राहिला. दुपारची वेळ, दुकानं बंद. मी वाटीत आणखी डेव्हलपर ओतला, हलवला आणि लावून मोकळी झाले. धुतल्यावर मान तांबूस निघाली, पांढरे जसेच्या तसे. का, ते नंतर कळलं. डेव्हलपर वाढवला की रंग विरळ होतो, तो पांढऱ्यांत भरत नाही, आणि वरचा डेव्हलपर उरलेल्या काळ्या केसांचा रंग उडवत बसतो. काकू काही बोलल्या नाहीत, पण हळदीच्या दिवशी त्यांनी अंबाडा घालून मान झाकली होती, ते मी मांडवात पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी जाऊन मी पुन्हा करून दिलं. पाणी, कंडिशनर, दुसऱ्या शेडची उरलेली ट्यूब, यातलं काहीही घालून वाटी भरायची नाही.

हे सगळं गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. टेप फिरवली की तिथेच म्हणायचं, ताई, तुमच्या केसांना तीन ट्यूब लागतील, एवढे होतील. काम अर्ध्यावर असताना पैसे वाढवून मागणं मला पटत नाही, आणि तो संकोच वाटतो म्हणूनच आपण कलर ओढून पुरवतो. झाल्यावर वहीत नावापुढे लिही: शेड, किती ग्रॅम, कुठला डेव्हलपर, आणि वाटीत किती उरलं. उरलेलं लिहायला विसरू नकोस, पुढच्या वेळचा खरा अंदाज तिथून निघतो.

शनिवारी त्या ताई परत येणार आहेत, तेव्हाचं सांगते. सगळं डोकं पुन्हा करू नकोस. बाकीचे तीन भाग चांगले आहेत, त्यांवर पुन्हा थर चढला तर ते जास्त काळे होतील. फक्त डावा मागचा भाग मोकळा घे, त्याच्या कडेच्या केसांना क्लिपा लावून थोडं कंडिशनर चोळ म्हणजे तिथे कलर लागला तरी पकडणार नाही. फोटोत पांढरे मुळापासून वीतभर दिसतात, त्याला ३० ग्रॅम क्रीम भरपूर झालं. मात्र दुसरी ट्यूब शेजारी असू दे. खोक्यावरची पूर्ण वेळ दे, कारण परवा घाईनं सगळं एकदम धुतल्यामुळे त्या भागाला ती मिळालीच नव्हती. गुरुवारी सकाळीच त्यांना बोलावून कानामागे कलरचा ठिपका लाव. परवा काही झालं नाही म्हणून यावेळी होणार नाही असं नसतं. दोन दिवसांत खाज किंवा लाली आली, तर शनिवारचं काम करायचं नाही.

तुझ्या पिशवीत छोटा वजनकाटा आणि शिवणाची जुनी टेप पाठवते आहे, पप्पा बुधवारी पुण्याला येतील तेव्हा घेऊन येतील. टेपचा पहिला इंच फाटला आहे, दोनपासून मोज आणि आलेल्या आकड्यातून दोन वजा कर.

तुझी,
आई