ओजू सगळ्यालाच नको म्हणतो, त्याबद्दल

देवगड

प्रिय रोहन,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास की ओजू आता सगळ्यालाच नको म्हणतो, आंघोळ नको, दूध नको, चप्पल नको, अगदी आइस्क्रीम हवं का विचारलं तरी आधी नको आणि मग हात पुढे. श्वेताचा आवाज तर रडवेला झाला होता, आपलं काही चुकतंय का म्हणून विचारत होती. मागे तो ओरडत होता त्यामुळे बोलणं अर्धवटच राहिलं, म्हणून आज दुपारी सगळी कामं आवरून सावकाश टाइप करत बसलेय. डी.एड.च्या मुलींना इतकी वर्षं बालविकास शिकवला, तर आता नातवाच्या बाबतीत गप्प कशी बसू.

पहिलं सांगते, तो तुमच्या विरोधात नाहीये रे. त्याच्या डोक्यात एक नवीन गोष्ट उमगलीय आणि ती खूप मोठी आहे. अमेरिकेत बर्कलीला रेपाचोली आणि गोपनिक या दोघींनी 1997 मध्ये एक साधा प्रयोग छापला होता. मुलासमोर दोन वाट्या, एकीत खारी बिस्किटं, दुसरीत कच्ची ब्रोकोली. मुलांना अर्थातच बिस्किटं आवडायची. मग मोठी बाई ब्रोकोली खाऊन मस्त मस्त करायची, बिस्किट खाऊन तोंड वाकडं करायची, आणि हात पुढे करून म्हणायची, मला थोडं दे. चौदा महिन्यांची मुलं तिला बिस्किटच द्यायची, कारण मला आवडतं म्हणजे सगळ्यांनाच आवडत असणार. पण अठरा महिन्यांची मुलं स्वतःला न आवडणारी ब्रोकोली उचलून तिच्या हातात ठेवायची. म्हणजे चारपाच महिन्यांत मुलाला कळायला लागतं की हिला जे हवं ते वेगळं, मला हवं ते वेगळं. ओजू आता दोनचा झालाय, तो याच्या पुढे गेलाय, बाबाला मी आंघोळीला यायला हवंय आणि मला नकोय हे त्याला लख्ख दिसतंय, आणि ते खरंच तसं आहे का हे तपासायला त्याच्याकडे हत्यार एकच, नको. मी नको म्हटलं तर काय होतं, जग थांबतं का, बाबा बदलतो का, हे तो दिवसभर करून बघतो. आइस्क्रीमचंही तेच. त्याला आइस्क्रीम हवंच असतं आणि नको म्हणून बघायचंही असतं, दोन्ही एकाच वेळी, म्हणून तोंड एक बोलतं आणि हात दुसरंच करतो. तेव्हा "तूच नको म्हणालास ना, मग नाही मिळणार" असं करू नका. वाटी समोर ठेवा आणि गप्प बसा.

आणि शब्द किती आहेत त्याच्याकडे ते बघ. "मला अजून थोडं खेळू दे मग येतो", "हे गरम आहे, नंतर खाईन", "तू नको, आई भरवू दे", हे सगळं त्याला म्हणायचं असतं पण एवढं वाक्य बनतच नाही, मग सगळ्याचं मिळून एक नको होतं. म्हणून त्याच्या प्रत्येक नको मागे काय आहे ते बघावं लागतं, कधी नुसती झोप असते.

एक गंमत करून बघ. चमचा हातात धरून विचार, हा चमचा आहे का? तो हो म्हणेल. बॉल दाखवून हा चमचा आहे का विचारलंस तरी कदाचित हो म्हणेल! वस्तूंबद्दल हो-नाहीचे प्रश्न विचारले की दोन वर्षांची मुलं हो कडे झुकतात, फ्रिट्झली आणि ली यांनी 2003 मध्ये हे दाखवलंय. म्हणजे नको म्हणायची सवय जिभेला लागलीय असं काही नाही. नको येतं ते जेव्हा आपण त्याच्याकडून काहीतरी करून घ्यायला जातो तेव्हा, चल, ये, खा, घाल, सोड. मला तर ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण मग आपण दिवसभरात किती वेळा आणि कशा शब्दांत त्याच्याकडून काहीतरी मागतो याकडे आपलं लक्ष जातं.

मे महिन्यात तुम्ही आलात तेव्हाचं समुद्रावरचं आठव. ओजू ओल्या वाळूत खड्डा करत होता, पाणी आलं की खड्डा भरायचा, तो परत उकरायचा. तू म्हणालास, "ओजू, घरी जायचं का?" तो न बघताच नको म्हणाला. मग तू "चल पटकन, अंधार होतोय", मग "आता मी चाललो हां तुला सोडून", आणि शेवटी तू त्याला उचललंस आणि तो कमान करून किंचाळायला लागला, घर येईपर्यंत. यात काय झालं ते एकेक बघ.

घरी जायचं का हा प्रश्न होता. आपल्याकडे मुलांशी प्रेमाने बोलायचं म्हणजे असंच बोलायची पद्धत, जेवायचं ना, झोपूया का, आंघोळ करायची ना राजा. पण तुझ्या मनात तर घरी जायचं ठरलेलंच होतं! त्याने प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिलं आणि ते उत्तर चाललं नाही. जिथे नको चालणार नाही तिथे विचारूच नये, शांतपणे सांगावं.

दुसरं म्हणजे तो कामात होता. या वयात हातातलं थांबवून दुसरीकडे वळणं हे मुलाला फार जड जातं, मेंदूचा जो पुढचा भाग स्वतःला आवरायचं काम करतो तो अजून कितीतरी वर्षं घडत राहणार असतो. भर वेगातल्या होडीचं सुकाणू फिरवलं तरी ती जागच्या जागी थोडीच वळते, तसंच आहे हे. सूचना ऐकून, समजून, हात थांबवायला त्याला वेळ लागतो आणि आपण तेवढ्यात तीनदा चल म्हणून मोकळे होतो, मग प्रत्येक चल ला नवीन नको.

आणि तिसरं ते सोडून जाईन म्हणणं. क्रॉकेनबर्ग आणि लिटमन यांनी 1990 मध्ये दोन वर्षांच्या मुलांचं आणि आयांचं निरीक्षण करून एक फार उपयोगी फरक मांडला. नुसतं नको म्हणणं हे एक, ते स्वतःचं म्हणणं मांडणं आहे. आणि उलटंच करणं, फेकणं, मारणं, अंगावर येणं हे दुसरं. आई काय करायचं ते स्पष्ट सांगते आणि सोबत कारण किंवा वाट दाखवते तेव्हा मुलं जास्त ऐकतात, आणि धमकी, राग, ओढाओढ झाली की साधं नको चं रूपांतर दुसऱ्या प्रकारात होतं. त्या संध्याकाळी सुरुवातीला होतं ते पहिल्या प्रकारचं नको होतं, किंचाळणं नंतर आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन गेले होते. निघायच्या थोडं आधी त्याच्या शेजारी बसले, "ओजूने केवढा खड्डा केलाय, पाणी आलं बघ आत". त्याने माझ्याकडे बघितलं, तेव्हा सांगितलं, "अजून एक लाट येऊ दे, मग आपण घरी जाणार." लाट आली. तो नको म्हणालाच, म्हणणारच! मी म्हटलं, "तुला अजून खेळायचंय, हो ना. आता घरी जातोय. बादली आजी घेऊ की ओजू घेणार?" आणि गप्प बसले. खरंच गप्प, मनात दहा आकडे मोजत. तो जरा वेळ वाळूकडे बघत राहिला, मग बादली उचलून चालायला लागला. रोज असं होईल असं अजिबात नाही हां, भुकेला किंवा झोपेला आलेला असेल तर हे काहीही चालत नाही, तेव्हा न रागावता उचलायचं, "तुला यायचं नव्हतं, राग आलाय" एवढंच म्हणायचं आणि चालायला लागायचं. नको ऐकून घेणं म्हणजे नको मान्य करणं नव्हे.

"ओजू घेणार" हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. या वयाच्या मुलांना तोंडी दोन पर्याय दिले तर ती बहुतेक वेळा शेवटचा निवडतात, 2019 मध्ये छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात 85 टक्के वेळा असं झालं, पण तेच पर्याय चित्रांत समोर ठेवून बोट दाखवायला सांगितलं तर हा कल दिसला नाही. शेवटचा शब्द कानात ताजा असतो, बोलायला सोपा जातो. म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेव. जे व्हायला हवंय ते शेवटी बोल, आणि त्याला खरंच काय हवंय हे जाणून घ्यायचं असेल तर दोन्ही वस्तू समोर धर, आंबोळी आणि केळं, निळा शर्ट आणि लाल. दोनच. कपाट उघडून कुठला हवा विचारलंस तर परत नको.

पर्याय कुठे द्यायचा नाही तेही सांगते. समुद्रात आत जाणं, विहिरीचा कठडा, रस्ता, गरम चूल. तिथे विचारायचं नाही, समजावत बसायचं नाही, हात घट्ट धरायचा. पण अशा जागा थोड्याच असाव्यात. मे मध्ये विळी खालीच असायची आणि दिवसभर सगळे त्याला "नको, हात नको लावू" म्हणत होते, ती फळीवर ठेवल्यावर आपलेच कितीतरी नको कमी झाले. त्याच्या कानावर दिवसभर तोच शब्द पडत असेल तर तो तो वापरणारच ना! आणि शेजारच्या काकी म्हणतात तसं बागुलबुवाची भीती घालू नका, भीतीने मूल गप्प होतं, स्वतःला आवरायला शिकत नाही.

श्वेताला सांग, हे साधारण तीन-साडेतीनच्या आसपास आपोआप निवळत जातं. नको कमी होत नाही लगेच, त्याचं रूप बदलतं, "आधी गाडी ठेवतो मग येतो" असं घासाघीस करायला लागतो, आणि ती प्रगतीच.

डॉक्टरांना कधी दाखवायचं ते वेगळं आहे. दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, बोट करून काही दाखवत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द बोलणं बंद झालं असेल तर वाट बघू नका, कानही तपासून घ्या. ओजूचं तसं काहीच मला दिसलं नाही. तो नको म्हणताना तुझ्या डोळ्यात बघतो, तुझं तोंड कसं होतंय ते वाचतो, म्हणजे समोरच्या माणसाशी त्याचं बरोबर चाललंय.

गणपतीची तिकिटं झाली का ते कळव, कणकवलीला कोणीतरी गाडी घेऊन येईल. आणि घरात एवढी माणसं असतील तर सगळ्यांना आधीच सांगून ठेवते, पाया पडणार का, गाणं म्हणणार का, मोदक खाणार का असं प्रत्येकाने त्याला विचारायचं नाही. आरतीला झांजा त्याच्या समोर ठेवायच्या, वाजवायच्या तर वाजवेल.

तुझी,
आई