ताई, त्या चाळीस नगांसाठी थँक्यू

ताई, त्या दिवशी घाईत नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय माझ्यासारखेच अजून बरेच जण इथे अडकत असणार याची मला खात्री आहे 😅

गणित प्रोसेस कॉस्टिंगचं, तसं साधंच होतं. १००० नग प्रोसेसमध्ये टाकले, एकूण खर्च १८,५०० रुपये, नॉर्मल लॉस म्हणजे वाया जाणारच असं आधीच धरलेले नग १० टक्के, स्क्रॅप नगाला ५ ने विकलं जातं, आणि चांगले नग निघाले ८६०. मी काय केलं तर वाया गेलेल्या सगळ्या १४० नगांचं स्क्रॅप म्हणजे ७०० खर्चातून वजा केलं, उरलेल्या १७,८०० ला ८६० ने भागलं, नगाला २०.७० आले आणि मी खूश. तुम्ही वही बघितली आणि एवढंच विचारलंत, "त्यातले चाळीस तर जायलाच नको होते ना, मग त्यांचा भुर्दंड चांगल्या नगांनी का भरायचा?"

तिथेच ट्यूब पेटली. १०० नग जाणारच हे आधीपासून माहीत होतं, तो चांगला माल बनवण्याचाच खर्च, म्हणून त्यांचं फक्त स्क्रॅप ५०० वजा करायचं आणि राहिलेल्या १८,००० ला ९०० ने, म्हणजे जेवढे निघायला हवे होते तेवढ्याने भागायचं. नगाला बरोब्बर २०. मग ८६० नग १७,२०० ला पुढच्या प्रोसेसला, आणि ते ४० नगसुद्धा चांगल्या नगाच्याच भावाने, ८०० ला, अॅबनॉर्मल लॉस अकाउंटला. तिथे त्यांचं स्क्रॅप २०० जमा झालं की उरलेले ६०० सरळ कॉस्टिंग पी अँड एलला. नॉर्मल लॉसला नुसती स्क्रॅपची किंमत आणि अॅबनॉर्मलला पूर्ण कॉस्ट का, हे मी इतके दिवस नुसतं पाठ करत होते.

पण खरी मजा तुम्ही शेवटी दाखवलीत. माझे १७,८०० आणि बरोबर उत्तराचे १७,२००, फरक किती तर ६००! म्हणजे जो तोटा पी अँड एलला दिसायला हवा होता तो मी नगामागे ७० पैसे करून ८६० नगांना गुपचूप फासला होता, आणि त्यातले काही नग स्टॉकमध्ये पडून राहिले असते तर तेवढा तोटा चक्क स्टॉकची किंमत म्हणून मिरवला असता. मशीन बिघडलं की कॉस्ट वाढलेली दिसणार आणि कोणी विचारणारही नाही का बिघडलं ते.

आणि हो, ९२० नग निघाले तर काय, ते काल माझं मीच करून बघितलं. २० नगांचा अॅबनॉर्मल गेन, २० च्याच भावाने ४०० प्रोसेस अकाउंटला डेबिट, पण जे २० नग वाया गेलेच नाहीत त्यांचं स्क्रॅपही मिळालं नाही, म्हणून १०० नॉर्मल लॉस अकाउंटला देऊन पी अँड एलला ३००. बरोबर आहे ना ताई? चुकलं असेल तर इथेच कान धरा 🙏