कन्सेप्ट अल्बम म्हणजे नुसती गोष्ट नव्हे

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला रॉकवरचा लेख आवडला, पण ‘कन्सेप्ट अल्बम म्हणजे गाण्यांतून सांगितलेली गोष्ट’ हे काही पटलं नाही. ज्या अल्बममुळे लोक रॉककडे सिरियसली बघायला लागले त्या बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’मध्ये (१९६७) गोष्ट नाहीच!

एलपी, म्हणजे गाण्यांची मोठी तबकडी, १९४८ पासूनच होती, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायची, आणि एकाच मूडची गाणी अख्ख्या एलपीवर लावायचं काम गायक फ्रँक सिनात्राने १९५५ मध्येच केलं होतं. रॉकवाले मात्र तीन मिनिटांच्या सिंगलवर जगायचे, एलपी म्हणजे दोन हिट आणि बाकी भरती. मग ऑगस्ट १९६६ मध्ये बीटल्सनी टूर बंद केल्या, कारण पब्लिकच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. स्टेजवर वाजवायचंच नाही म्हटल्यावर स्टेजवर जमेल असंच गाणं करायचं बंधनही गेलं. पहिल्या एलपीची बहुतेक गाणी १९६३ मध्ये एका दिवसात उरकली होती, ‘सार्जंट पेपर’साठी मात्र त्यांनी स्टुडिओत काही महिने काढले.

बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनीची आयडिया अशी की आपण बीटल्स नाहीच, दुसराच एक बँड आहोत आणि ही एलपी म्हणजे त्यांचा शो. आता खरं सांगायचं तर ही आयडिया पहिल्या दोन गाण्यांत आणि शेवटाकडे परत येणाऱ्या टायटल साँगमध्येच आहे, मधल्या गाण्यांचा तिच्याशी काही संबंध नाही, त्याचा जोडीदार जॉन लेननने स्वतःच नंतर सांगितलं की माझी गाणी कुठल्याही अल्बमवर चालली असती. मग तरी अख्खा अल्बम एकसंध का वाटतो? माझ्या मते जोडकामामुळे. गाण्यांमधली नेहमीची शांतता जवळजवळ काढूनच टाकलीय आणि गाण्यांचे शब्द कव्हरच्या मागे छापलेत, म्हणजे बसून वाचत ऐका!

मामाकडे ही एलपी होती. दुसऱ्या बाजूच्या शेवटी टायटल साँग परत येतं, शो संपतो, टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्या विरत असतानाच खालून एक साधी गिटार सुरू होते, तेच ‘अ डे इन द लाइफ’. खोटा शो संपल्यावर पेपरातल्या बातम्यांचं खरं जग सुरू झाल्यासारखं वाटतं. मधे २४ बार, म्हणजे तालाचे २४ तुकडे, रिकामे ठेवून त्यांत चाळीस वादकांना खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत आपापल्या अंदाजाने चढायला लावलंय, आणि शेवटी अनेक पियानोंवर एकदम दाबलेला कॉर्ड चाळीसेक सेकंद विरत राहतो.

हेच गाणं शफलवर लावा, टाळ्यांमधून वर येणारी ती गिटार मधूनच तुटल्यासारखी सुरू होईल. लेखात तुम्ही गोष्टीवर भर दिलात, पण गोष्ट सांगणारा ‘द हू’ बँडचा ‘टॉमी’ १९६९ ला आला, त्याआधी या जोडकामानं अख्खी एलपी सलग ऐकायची सवय लावून ठेवली होती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे