धन्य म्हणजे यशस्वी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येशूच्या डोंगरावरील प्रवचनातली 'धन्य' वचने किशोरवयीन मुलांना 'यशाची आठ सूत्रे' म्हणून शिकवावीत, अशी सूचना करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या पुरवणीत वाचले. हेतू चांगला आहे, पण त्या वाटेने गेलो की धडा पहिल्याच पायरीवर हातातून निसटतो. मी बरीच वर्षे तेरा ते सोळा वयाच्या मुलांचा रविवारचा वर्ग घेते आणि सुरुवातीला नेमकी हीच चूक केली होती, म्हणून हे लिहिते आहे.

मी फळ्यावर आठ गुण लिहिले होते: दीनता, सौम्यता, दया वगैरे. मुलांनी वहीत स्वतःला प्रत्येक गुणाचे दहापैकी गुण दिले. वर्ग संपताना एका मुलीने शेजारणीला विचारले, "तुला किती?" त्या दोन शब्दांत माझा सगळा धडा कोसळला. जे वचन शर्यतीबाहेर राहिलेल्यांसाठी उच्चारले गेले, त्याचीच मी शर्यत करून टाकली होती.

आता मी शब्दापासून सुरुवात करते. आपल्या 'धन्य' या शब्दात 'धन' आहे, मुळात तो संपन्न माणसाचा शब्द. आणि मुलांच्या बोलण्यात तर 'धन्य आहेस!' म्हणजे चक्क टोमणा. हे दोन्ही अर्थ आधी मोकळे करून बाजूला ठेवावे लागतात. मूळ ग्रीकमध्ये 'माकारिओस' हा शब्द आहे. स्तोत्रसंहितेच्या पहिल्या ओळीतल्या 'धन्य तो पुरुष' याच्या मागचा हिब्रू 'अश्रे' ग्रीकमध्ये नेताना हाच शब्द वापरला गेला. तो वरदान मागण्याचा शब्द नाही आणि 'खूश' या अर्थाचाही नाही. एखादा माणूस देवाच्या दृष्टीने भल्या जागी उभा आहे, असे कोणीतरी पाहून सांगणे, असा तो आहे. त्या माणसाला स्वतःला त्या क्षणी तसे वाटत असेलच असे नाही.

मग चिठ्ठ्या. प्रत्येकाने एक वाक्य पुरे करायचे: 'आमच्या शाळेत भाग्यवान तो, जो…, कारण…'. नाव घालायचे नाही. 'जो पहिला येतो, कारण सर त्याचेच ऐकतात.' 'जिच्या फोटोला सर्वात जास्त लाइक, कारण सगळ्यांना तिच्याशी मैत्री हवी असते.' या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या की मत्तय 5:3 ते 10 वाचायचे, आणि मुलांना फक्त 'कारण'च्या पुढचा भाग अधोरेखित करायला सांगायचा. फरक त्यांना स्वतःलाच दिसतो. चिठ्ठ्यांतले कारण त्या माणसाच्या कामगिरीत किंवा इतरांच्या नजरेत असते. 'जे शोक करतात ते धन्य, कारण त्यांचे सांत्वन करण्यात येईल' यात सांत्वन करणारा दुसराच कोणी आहे. कोण, हे वाक्य सांगत नाही. 'कोणाकडून?' असा प्रश्न विचारून मी गप्प बसते. बहुतेक वेळा उत्तर येते: देवाकडून. शोक करण्यात कसले कौशल्य नाही, त्याचे बक्षीस मिळत नाही, आणि शोक करणारा एकटा सोडलेला नाही, हे तिथून पुढे समजावणे सोपे जाते. आठांपैकी पहिल्या आणि शेवटच्या वाक्यात 'राज्य त्यांचे आहे' असा वर्तमानकाळ आहे आणि मधल्या सहांत भविष्यकाळ, हेही मुले पटकन पकडतात.

लोकप्रियतेचा भाग मात्र मत्तयापेक्षा लूकमध्ये थेट आहे. लूक 6:26 म्हणते, सर्व लोक तुम्हाला चांगले म्हणतील तेव्हा तुमची दुर्दशा, कारण त्यांचे पूर्वज खोट्या संदेष्ट्यांशी तसेच वागत असत. मत्तय 5:12 मध्ये याची दुसरी बाजू आहे: तुमच्यापूर्वीच्या संदेष्ट्यांचा त्यांनी असाच छळ केला. ही दोन वचने शेजारी ठेवली की गोष्ट आपोआप यिर्मया या संदेष्ट्याकडे जाते, आणि माझ्या वर्गाचा सर्वात जास्त वेळ तिथेच जातो.

यिर्मया मानेवर लाकडी जू घालून यरुशलेमात फिरत होता. बाबेलच्या राजापुढे मान वाकवा, नाहीतर शहर जाईल, असा त्याचा संदेश. मंदिरात याजकांसमोर आणि सर्व लोकांसमोर हनन्या नावाच्या संदेष्ट्याने ते जू त्याच्या मानेवरून काढून मोडले आणि जाहीर केले की दोन वर्षांत लुटून नेलेली पात्रे आणि बंदिवान परत येतील. लोकांना ऐकायचे होते ते हेच. यिर्मया काय म्हणाला? 'आमेन, देव तसेच करो.' त्यालाही ते खरे व्हायला हवेच होते. पण खरे नव्हते, आणि तेही त्याने सांगितले. पुढे त्याला एका हौदात सोडण्यात आले. त्यात पाणी नव्हते, नुसता चिखल, आणि तो त्यात रुतला. एबद-मलेख या परदेशी सेवकाने राजाकडे रदबदली केली, दोरांबरोबर जुने कपडे आणि चिंध्या खाली सोडल्या आणि काखेत घालायला सांगितल्या, म्हणजे दोर काचणार नाहीत. इ.स.पू. 586 मध्ये यरुशलेम पडले. जू मोडले त्या दिवशी मंदिरात मुलांनी मतदान केले असते तर कोण निवडून आला असता, हे विचारायची गरजच पडत नाही.

एका वर्षी हे झाल्यावर एक मुलगा म्हणाला, "वर्गातल्या एका मुलीचा फोटो बिघडवून फिरवत होते. मी पुढे पाठवला नाही, पाठवू नका म्हणालो, तर मला ग्रुपमधून काढलं. मग मी धन्य का? मला तर नुसतं एकटं वाटतं." मी त्याला आनंदी हो म्हटले नाही. तुझी जागा हौदातल्या माणसाच्या बाजूची आहे, एवढेच म्हटले. लगेच दुसरा म्हणाला, "मलापण काढलं!" चौकशी केली तर तो सगळ्यांना टोचून बोलायचा. म्हणून मत्तय 5:11 काळजीपूर्वक वाचावे लागते: निंदा लबाडीने झालेली असावी आणि 'माझ्यामुळे', म्हणजे येशूमुळे, झालेली असावी. नावडते असणे म्हणजे धन्य असणे नव्हे.

एक गोष्ट शिक्षकांनी चुकूनही करू नये. ज्या मुलाला कोणी रोज त्रास देते त्याला 'सौम्य ते धन्य' सांगून सहन करायला लावू नये. गणना 12:3 मध्ये मोशेला पृथ्वीवरील सर्वांहून नम्र म्हटले आहे, आणि हाच मोशे फारोपुढे जाऊन उभा राहिला. आणि 'शांती करणारे' यातला मूळ शब्द करणाऱ्यांचा आहे, गप्प बसणाऱ्यांचा नाही. असे मूल वर्गात असेल तर धडा थांबवून, त्या मुलाला सोबत घेऊन, आधी शाळेतल्या आणि घरातल्या मोठ्यांशी बोलावे.

मुले उठायच्या आधी मी तो चिखल आणि त्या चिंध्या पुन्हा एकदा आठवायला सांगते, आणि विचारते: या गोष्टीत दयाळू कोण? एबद-मलेखचे नाव ते घेतात. त्या मुलाला ग्रुपमधून काढले त्या दिवशी त्याला फोन कोणी केला, हे मात्र मी विचारले नव्हते. पुढच्या रविवारी दोघींनी येऊन स्वतःच सांगितले की आम्ही केला.

– आपली एक वाचक
(रविवारच्या वर्गाची शिक्षिका)