त्रिकोणमितीचा घरचा सराव : इयत्ता दहावीच्या पालकांसाठी

पालकहो, नमस्कार.

मुलं त्रिकोणमितीत अडतात ती बहुतेकदा सूत्रांपाशी नव्हे, आकृतीपाशी. कोन बदलला की संमुख, म्हणजे त्या कोनासमोरची, बाजूही बदलते, हे लक्षात न घेता ती उभी बाजूच संमुख धरतात.

घरी ३, ४ आणि ५ सेंमी बाजूंचा काटकोन त्रिकोण काढायला सांगा. साइन म्हणजे कोनासमोरची बाजू भागिले कर्ण. म्हणून ३ सेंमी बाजूसमोरच्या कोनाचा साइन ३/५, दुसऱ्या लघुकोनाचा ४/५. आता कागद फिरवून पुन्हा विचारा. आधी कोनावर बोट, मग समोरची बाजू, मग कर्ण. गुणोत्तर त्यानंतरच लिहायचं. साइन ४/३ आला, तर कर्ण ओळखण्यात चूक झाली आहे, कारण लघुकोनाचा साइन १ पेक्षा नेहमी लहानच असतो.

हे जमेपर्यंत कोष्टक पाठ करून घेऊ नका. आकृत्यांची वही सोमवारी वर्गात पाठवा.

– गणित शिक्षक